सुई टोचली नाही म्हणून उपचार झाले नाहीत?

मंगळवारी रात्री साडेअकराला ५२ वर्षांचे एक गृहस्थ छातीवर हात ठेवून रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत येतात. जेवण होऊन दोन तास झाले आहेत, छातीच्या मध्यभागी दाब येतो आहे, घाम फुटला आहे. मधुमेह दहा वर्षांपासूनचा, आणि वडील साठीच्या आतच हृदयविकाराने गेलेले. पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल निघतो. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही नॉर्मल. तरीही डॉक्टर त्यांना घरी सोडत नाहीत. ॲस्पिरिनची गोळी चघळायला देतात, अतिदक्षता विभागात मॉनिटर लावून ठेवतात. पहाटे साडेपाचला ट्रोपोनिन पुन्हा होते, ईसीजी पुन्हा निघतो. दुसऱ्या दिवशी दुपारी इको, संध्याकाळी पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट. सगळे ठीक. गुरुवारी सकाळी पित्ताच्या गोळ्या लिहून देऊन त्यांना घरी पाठवले जाते. बिल होते ३८ हजार.

विमा कंपनीचे पत्र काही आठवड्यांनी येते. रुग्णाला केवळ तपासणी आणि मूल्यमापनासाठी दाखल केले होते, कोणतेही सक्रिय उपचार झालेले नाहीत, फक्त तोंडावाटे औषधे दिली, हे सर्व बाह्यरुग्ण विभागात होऊ शकले असते. सबब दावा अमान्य. हे गृहस्थ कोणी एक नव्हेत. अशा अनेक प्रकरणांत जे दिसते ते एकत्र करून हे उदाहरण मांडले आहे. पण पत्रातली वाक्ये मात्र ज्यांचे क्लेम नाकारले गेले आहेत त्यांना लगेच ओळखू येतील.

घरच्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘म्हणजे झटका आला असता तर पैसे मिळाले असते, आणि आला नाही म्हणून आम्हीच भरायचे?’ प्रश्न रागाने विचारलेला असला तरी तो नेमका आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी कंपनीची बाजू समजून घेणे भाग आहे, कारण ती बाजू पोकळ नाही.

आपल्याकडची बहुतेक वैयक्तिक आरोग्य विमा पॉलिसी ही रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची पॉलिसी असते. दवाखान्याची फी, औषधे, बाहेरून केलेल्या तपासण्या हा खर्च एरवी त्यात बसत नाही. दाखल होण्याआधीच्या साधारण महिनाभरातल्या आणि घरी गेल्यानंतरच्या काही आठवड्यांतल्या तपासण्या मिळतात, पण त्या आजारासाठी दाखल होणे मान्य झाले तरच. प्रीमियमचे गणित याच गृहीतकावर बसवलेले असते. आता पळवाट उघड आहे. बाहेर एमआरआय केला तर खिशातून पैसे जातात, दोन दिवस ॲडमिट होऊन केला तर विमा देतो. मग ॲडमिट व्हायला काय हरकत आहे?

तीन आठवडे कंबर दुखते म्हणून दाखल झालेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईंचे कागद पाहा. कंबरेचा एमआरआय, पोटाची सोनोग्राफी, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, शेवटी फिजिओथेरपिस्टची एक भेट. नर्सिंगच्या तक्त्यावर नाडी, रक्तदाब, ताप सगळे दोन दिवस एका रेषेत. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत ‘रुग्ण चालत-फिरत आहे’. हा क्लेम नाकारला जातो आणि तो नाकारला जाणेच योग्य आहे. या बाईंना खाटेची गरज नव्हती, तपासण्यांची होती, आणि त्यातल्याही निम्म्यांची नव्हती. असे दावे दिले तर पुढच्या वर्षी सगळ्यांचाच हप्ता वाढतो. अर्थात त्याच बाईंना पायांतली ताकद जाऊ लागली असती किंवा लघवी अडकली असती, तर तोच एमआरआय तातडीचा ठरला असता आणि त्यासाठी दाखल करणेही. म्हणजे प्रश्न तपासणी कोणती, हा नाहीच.

नियम काय म्हणतो? पूर्वी प्रत्येक कंपनी वगळलेल्या गोष्टींची यादी आपापल्या शब्दांत लिहीत असे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये त्या अटींचे शब्द सर्व कंपन्यांसाठी सारखे केले आणि त्यांना क्रमांक दिले. तपासणी आणि मूल्यमापनाच्या अटीचा क्रमांक Excl04. घरातली पॉलिसी काढून पाहिली तर तो सापडेल. तिचे दोन भाग आहेत. प्रामुख्याने केवळ निदान आणि मूल्यमापनासाठी दाखल झाल्याचा खर्च मिळणार नाही, हा पहिला. आणि सध्याच्या निदानाशी व उपचारांशी संबंध नसलेल्या तपासण्यांचा खर्च मिळणार नाही, हा दुसरा. डेंगीसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या बिलातून ड जीवनसत्त्वाची तपासणी वगळली जाते ती या दुसऱ्या भागामुळे.

या अटीत ‘सक्रिय उपचार’ हे शब्द नाहीत. ते पत्रांमध्ये येतात, अटीत नाहीत. अट दाखल होण्याच्या हेतूबद्दल बोलते. हेतू मोजणे कठीण, म्हणून कागद तपासणारा माणूस सोपी खूण शोधतो. शिरेतून काही दिले का? सलाइन लागले का? इंजेक्शन आहे का? असेल तर उपचार, नसेल तर तपासणी. दिवसाला ढीगभर फायली पाहणाऱ्याने अशी खूण वापरावी हे समजण्यासारखे आहे. पण ती खूण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे.

त्या गृहस्थांच्या पहिल्या सहा तासांकडे पाहू. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरते, पण लगेच नाही. त्याला काही तास लागतात. दुखणे सुरू झाल्यावर लवकर आलेल्या रुग्णाचे पहिले ट्रोपोनिन नॉर्मल असणे म्हणजे काहीच नसणे नव्हे. म्हणून ते पुन्हा करायचे असते. नव्या, अधिक संवेदनशील तपासणीत एक ते तीन तासांनी, जुन्या पद्धतीत साधारण सहा तासांनी. पहिला ईसीजीही झटक्याच्या सुरुवातीला फसवू शकतो. आणि झटका खरा असेल तर हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येण्याचा धोका पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असतो. तसे झाले तर शॉक देण्याचे यंत्र आणि ते वापरणारी माणसे काही मिनिटांच्या आत हवीत. त्या रात्री मॉनिटर नेमके हेच काम करत होता. ‘बाह्यरुग्ण विभागात होऊ शकले असते’ म्हणणाऱ्याने रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच हा रुग्ण कोणत्या बाह्यरुग्ण विभागात बसला असता, हे सांगायला हवे.

पहाटेचे ट्रोपोनिन वाढलेले आले असते तर? रात्रीचे सगळे तेच राहिले असते. तीच खाट, तोच मॉनिटर, तेच रक्त. फक्त निकाल वेगळा आला असता आणि तोच खर्च विनातक्रार मंजूर झाला असता. दाखल करणे योग्य होते की नाही हे दाखल करतानाच्या माहितीवरून ठरवायला हवे, सहा तासांनी हाती आलेल्या रिपोर्टवरून नव्हे. घरच्यांच्या रागातल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे: त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

काही वेळा तर औषध न देणे हाच बरोबर उपचार असतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात पावसाळ्यात रोज दिसणारे उदाहरण सर्पदंशाचे. शेतात पायाला काहीतरी चावले, साप निसटताना दिसला, दोन खुणा आहेत, बाकी काही नाही. अशा रुग्णाला चोवीस तास ठेवून घेतात. रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून ते गोठले का पाहायचे. घोणस किंवा फुरसे चावून विष भिनले असेल तर रक्त गोठत नाही. ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. मण्यार असेल तर पापण्या जड होतात का, बोलणे बदलते का, श्वास उथळ होतो का, याकडे लक्ष ठेवतात, कारण मण्यारच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही आणि लक्षणे काही तासांनी येतात. कितीतरी दंशांत विष शरीरात गेलेलेच नसते. अशा रुग्णाला लक्षणे नसताना प्रतिविष देणे ही चूक आहे. घोड्याच्या रक्तापासून बनवलेले ते औषध जीवघेणी ॲलर्जी करू शकते. म्हणजे इथे ज्या डॉक्टरने काहीही टोचले नाही त्याने बरोबर केले. टोचण्यालाच उपचार मानणाऱ्या मोजपट्टीवर मात्र या चोवीस तासांची किंमत शून्य.

पॉलिसीतच याला आधारही आहे. ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ याची जी प्रमाणित व्याख्या पॉलिसींमध्ये छापलेली असते, तिच्यात उपचारांबरोबर तपासण्या, औषधे आणि रुग्णालयातला मुक्काम हे सगळे येते. ते आजाराच्या व्यवस्थापनासाठी गरजेचे असावे, गरजेपेक्षा जास्त नसावे, डॉक्टरांनी लिहून दिलेले असावे आणि मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून असावे, एवढीच अट आहे. शिरेतून दिलेलेच हवे असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही.

मग नकार का येतात? दोष सगळा कंपनीचा नाही. मोठा भाग केसपेपरवरच्या पहिल्या ओळीचा असतो. घाईत असलेला निवासी डॉक्टर लिहितो: ‘छातीत दुखणे, तपासणीसाठी दाखल’. डिस्चार्ज कार्डवरही तेच उतरते: ‘छातीत दुखणे, मूल्यमापन केले, सर्व तपासण्या नॉर्मल’. डॉक्टरांच्या भाषेत याचा अर्थ पुरेसा स्पष्ट असतो. पण कंपनीत बसलेल्या माणसाने हे वाक्य त्या अटीशेजारी ठेवले की दोन्ही शब्दशः जुळतात. डॉक्टरने आपल्या हाताने नकाराचे कारण लिहून दिलेले असते.

त्याच रुग्णाबद्दल खरे आणि पूर्ण असे लिहिता आले असते: हृदयविकाराच्या झटक्याचा संशय, मधुमेह, कौटुंबिक इतिहास, घाम, पहिला ईसीजी निर्णायक नाही, ॲस्पिरिन दिले, लय बिघडण्याचा धोका असल्याने मॉनिटरवर, सहा तासांनी ट्रोपोनिन, वाढल्यास रक्त पातळ करणारे इंजेक्शन व अँजिओग्राफी. काय होण्याची भीती होती, त्यासाठी कशावर लक्ष ठेवले आणि ते झाले असते तर काय केले असते, या तीन गोष्टी त्यात आहेत. त्यात एक अक्षरही खोटे नाही. पुढे तासातासाला नाडी-रक्तदाबाच्या नोंदी असल्या आणि डिस्चार्ज कार्डवर ‘झटका नसल्याची खात्री करून घेतली’ असे लिहिले असले की वाचणाऱ्याला त्या रात्री काय चालले होते ते कळते. कंबरदुखीच्या बाईंसाठी या तीन ओळी कोणी लिहूच शकत नाही. भीती कशाची होती, याचेच उत्तर नाही.

याउलट काही ठिकाणी वेगळाच तोडगा निघाला आहे आणि तो धोकादायक आहे. नकाराचा अनुभव आलेली रुग्णालये ‘क्लेममध्ये अडचण नको’ म्हणून प्रत्येक दाखल रुग्णाला सलाइन लावतात, पित्ताचे औषध गोळीऐवजी इंजेक्शनने देतात, कधी एखादे अँटिबायोटिकही चढवतात. नातेवाईकही खूश असतात, काहीतरी चालू आहे म्हणून. पण सुईच्या जागी शीर सुजते, जंतू शिरतात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाला नको असलेले दोन लिटर पाणी श्वास लागण्यापर्यंत नेऊ शकते. आणि गरज नसलेल्या अँटिबायोटिकचे परिणाम सगळ्या वॉर्डाला भोगावे लागतात. विमा कंपनीची सोपी खूण अशी रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचते. खोटा दाव्याचा प्रश्न तर त्याहून वेगळाच. गरज नसताना दिलेले इंजेक्शन तज्ज्ञ परीक्षकाच्या लक्षात आले, तर खरा दावाही संशयित होतो.

चोवीस तासांच्या अटीचाही असाच एक विचित्र परिणाम आहे. डे-केअर म्हणून मान्य असलेल्या प्रक्रिया सोडल्या तर किमान सलग चोवीस तास दाखल असणे बहुतेक पॉलिसींना लागते. वरच्या उदाहरणातले गृहस्थ खरे तर बुधवारी संध्याकाळी स्ट्रेस टेस्ट झाल्यावर घरी जाऊ शकले असते. पण तेव्हा अठरा-एकोणीस तासच झाले होते. म्हणून दुसरी रात्र. त्या दुसऱ्या रात्रीला वैद्यकीय कारण शोधूनही सापडत नाही, आणि कंपनीचा परीक्षक नेमके तिच्यावरच बोट ठेवतो. पहिली रात्र रास्त, दुसरी अनावश्यक, आणि दुसरीमुळे पहिलीही संशयास्पद. या ठिकाणी बदलायला हवा तो नियमच. काही तासांच्या निरीक्षणासाठी दाखल होणे हा स्वतंत्र, मान्य प्रकार पॉलिसीत असला, तर रुग्णाला एक रात्र आणि कंपनीला एका रात्रीचे बिल वाचेल.

नियम बदलेपर्यंत रुग्णाच्या हातात काय आहे? दाखल होताना डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: घरी गेलो तर काय होण्याचा धोका आहे? उत्तर ठोस असेल, तर ते केसपेपरवर लिहिण्याची विनंती करावी. उत्तर ‘तसा धोका नाही, पण क्लेम होईल’ असे आले, तर तपासण्या बाहेरून करून घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते, कारण क्लेम नाकारला गेल्यास खाटेचे, नर्सिंगचे आणि डॉक्टरांच्या भेटींचे पैसेही आपल्याच खिशातून जातात. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी सोय आहे का, हेही पाहावे, काहींमध्ये असते. कॅशलेसची पूर्वमंजुरी मिळाली म्हणजे काम झाले असेही समजू नये. ती प्राथमिक माहितीवर दिलेली असते आणि अंतिम बिल पाहताना मागे घेतली जाऊ शकते.

नकार आलाच, तर तो लेखी आणि नेमक्या अटीसह मागावा. २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीला आपल्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही, आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली फेटाळला हे सांगावे लागते. मग रुग्णालयातून पूर्ण केसपेपरची प्रत घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्ड नव्हे. मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यात मॉनिटरच्या, नर्सिंगच्या आणि रात्रीच्या डॉक्टरांच्या नोंदी असतात, आणि कंपनीकडे बहुधा त्याच गेलेल्या नसतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दाखल करण्याचे कारण सांगणारे एक पानाचे पत्र घ्यावे. मात्र मूळ नोंदीत नंतर काही घालायला सांगू नये. शाईतला फरक आणि वेळेतली विसंगती लगेच दिसते, आणि मग बरोबर असलेली बाजूही हरते.

हे सगळे आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यायचे. नियामकाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, पण कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षभराच्या आत जावे लागते. अर्जात ‘आमच्यावर अन्याय झाला’ असे लिहून फारसे काही हाती लागत नाही. पहिल्या ट्रोपोनिनची वेळ, दुसऱ्याची वेळ, आणि मधल्या सहा तासांच्या मॉनिटरच्या नोंदी, एवढे तीन कागद वर ठेवावेत.